दोघांचंही ‘ठीक’

आमच्या ऑफिसात माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचत बसतात. इंदूरला अशी नोकरी लागली हे मी फोनवर आईला सांगितलं, तेव्हा ती सोलापूरहून म्हणाली, “हे तर तू लहानपणापासून फुकट करतेस.” आईला माझ्याविषयी कधी भ्रम नव्हता. माझा स्वभाव टोकण्याचा आहे आणि पगारही त्याचाच मिळतो, एवढं तरी आयुष्यात जुळून आलं.

ऑफिस तुकोगंजात, एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याची चूक दाखवून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. तुम्ही फोनवर काही लिहिता आणि शब्दाखाली लाल रेघ उमटते, तसलं. ती रेघ आपोआप उमटते असं लोकांना वाटतं. एकेका रेघेमागे खालच्या ड्रिलचा आवाज ऐकत बसलेली चार-सहा माणसं असतात, हे त्यांना कळायचं काही कारणही नाही.

त्या वर्षी आमच्याकडे जो नियम होता तो अगदी शाळेतला. कॅन, कुड, विल, वुड, शुड, मे, माइट, मस्ट यांच्यानंतर क्रियापद मूळ रूपात यायला हवं. ‘शी कॅन सिंग’ बरोबर. ‘शी कॅन सिंग्ज’ चूक, ‘शी कॅन सँग’ चूक, ‘शी कॅन सिंगिंग’ही चूक. सातवीतलं पोर सांगेल. पण यंत्राला शिकवायला गेलं की सोप्या गोष्टीला पाय फुटतात. यंत्र आधी प्रत्येक शब्दावर नाम की क्रियापद असा शिक्का मारतं आणि मग नियम तो शिक्का बघून बोलतो. ‘मे’ हा महिनाही असतो आणि ‘कॅन’ हा डबाही असतो. शिक्का चुकला की महिन्यावर आणि डब्यावर लाल रेघ. मधे ‘ऑल्सो’, ‘नॉट’, ‘ऑलवेज’ असे शब्द घुसतात, ते ओलांडून पुढचं क्रियापद शोधावं लागतं. प्रश्न असला तर कर्ताच मधे येऊन बसतो. हा नियम लिहिणारी आमची इंजिनिअर इंदूरचीच, तिशीतली, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. सहा महिने ती या एका नियमाला चिकटली होती.

नियम बरोबर बोलतो की नाही हे माणसांनी ठरवायचं. त्यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या निबंधांतली हजारो वाक्यं आमच्याकडे येत. प्रत्येक वाक्य दोन माणसांनी वेगवेगळं वाचायचं आणि पडद्यावर ‘चूक’ किंवा ‘ठीक’ दाबायचं. दुसऱ्याने काय दाबलं ते दिसत नाही, विचारायचंही नाही. दोघांचं जुळलं तर तोच निकाल. नाही जुळलं तर वाक्य माझ्याकडे येई आणि शेवटचा शब्द माझा. नियमाने रेघ ओढली आणि दोन्ही माणसं म्हणाली ‘ठीक’, तर तो नियमाचा खोटा आरडाओरडा धरला जाई. असे खोटे आरडाओरडे हद्दीबाहेर गेले की नियम बंद करून ठेवायचा. चूक सुटली तर लोक माफ करतात, पण बरोबर लिहिणाऱ्याला टोकलं की सॉफ्टवेअर काढूनच टाकतात.

या नियमाची जोडी म्हणजे सर आणि काकू. नवरा-बायको. दोघंही इंदूरचे मराठी. सरांचे आजोबा गिरणीत कारकून म्हणून इकडे आले होते. सरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. काकू लग्नानंतर बी. ए. झाल्या, सरांच्याकडूनच इंग्रजी शिकल्या आणि मग त्याही त्याच शाळेत लागल्या. निवृत्त झाल्यावर घरी बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा बरं, म्हणून आमच्याकडे आले. स्नेहलतागंजाहून दोघं एकाच स्कूटरवर येत. सरांच्या खिशाला अजून लाल पेन असे. ऑफिसात कागद नव्हताच, पण पेन होतं.

नवरा-बायकोची जोडी लावू नये हे मला कळत होतं. पण इतकं चांगलं इंग्रजी येणारी आणि इतक्या कमी कटकटी करणारी दुसरी दोन माणसं तुकोगंजात मिळत नव्हती. शिवाय ती दोघं एकमेकांना जराही सवलत देत नसत. शनिवारी आमची पंचायत भरे. आठवडाभरातली न जुळलेली वाक्यं मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावायची, खाली कोणी काय दाबलं तेही. कचोऱ्या आणायच्या आणि भांडायचं. सर आणि काकू असे भांडत की खालचा डॉक्टर एकदा वर येऊन बघून गेला.

“तू वाक्य पूरं वाचतच नाहीस,” सर म्हणत.

“आणि तुम्ही तर वाक्यात नसलेलंही वाचून घेता,” काकू म्हणत.

पहिल्याच महिन्यात सरांनी आम्हा सगळ्यांना गार केलं होतं. वाक्य होतं, ‘एव्हरीवन हू कॅन सिंग्ज ॲट द फेस्टिव्हल.’ नियमाने रेघ ओढली. काकूंनी ‘चूक’ दाबलं. मीही मनात ‘चूक’च म्हटलं. सर उठून पडद्यापाशी गेले. “ज्याला ज्याला जमतं तो उत्सवात गातो. ‘कॅन’चं काम ‘कॅन’वरच संपलं. ‘सिंग्ज’ हे ‘एव्हरीवन’चं आहे. मुलाने अगदी बरोबर लिहिलंय.” मी दोनदा वाचलं. खरंच बरोबर होतं. इंजिनिअरने तिथल्या तिथे ठरवलं की ‘हू’च्या पोटात ‘कॅन’ आला तर नियमाने गप्प बसायचं. “सरजी, कमाल हो आप,” ती म्हणाली आणि आपली कचोरी त्यांना दिली. सर अशा वेळी फार सुखावत आणि ते लपवायलाही जात नसत.

जानेवारीत काहीतरी फिरलं. न जुळलेल्या वाक्यांत एकाच जातीची वाक्यं वाढायला लागली. ‘ही मस्ट गोज’ छापाची म्हणा ना. नियमाने रेघ ओढलेली, काकूंनी ‘चूक’ म्हटलेली, आणि सरांनी ‘ठीक’. आधी एखादं, मग बरीच. सर दमले असतील, घाईत दाबत असतील असं म्हणून मी निकाल देत राहिले. ही वाक्यं दिवसभर वाचली की कान बधिर होतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही एखाद्या संध्याकाळी ‘शी कॅन सिंग्ज’ कानाला गोड लागलेलं आहे.

मग एका शनिवारी अशी वाक्यं पडद्यावर एकापाठोपाठ एक आली. सगळ्यांखाली सरांचं ‘ठीक’. एक तर अगदी धडधडीत होतं: ‘माय सिस्टर कॅन सिंग्ज व्हेरी वेल.’

“सर, हे कसं काय?” मी विचारलं.

सर उठून पडद्यापाशी गेले. वाक्य हळू आवाजात वाचलं. पुन्हा वाचलं. “इथे... हू आहे,” ते म्हणाले. “लपलेला. सिस्टर हू कॅन. मग सिंग्ज. तिचं आहे ते. सिस्टरचं.”

कोणीतरी हसलं. सर थट्टा करतायत असं वाटून मग सगळेच हसलो, मीसुद्धा. सरांनी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तेही हसले. पण थोडे उशिरा. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या कचोऱ्यांचा कागद घडी घालत बसल्या होत्या. घडी पुरी झाली तरी घालतच होत्या.

पुढच्या शनिवारी त्या जातीचं एकही न जुळलेलं वाक्य नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. चला, कान ताळ्यावर आले, असं मला वाटलं. सर बोलायला कमी झाले होते. “चहा. घेऊ. आपण,” असं तुकड्यातुकड्यांनी म्हणत. वय झालं की माणसं शब्द जपून वापरतात, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. दुसऱ्यांच्या वाक्यांवर मी इतकी मेहनत घेते, समोरच्या माणसाच्या वाक्याकडे बघायला मला सवड नव्हती.

मार्चच्या शेवटी इंजिनिअर माझ्या केबिनमध्ये शिरली ती दार न वाजवताच. लॅपटॉप माझ्यासमोर आपटला.

“मॅम, माझा नियम बंद करून राहिले! खोटे आरडाओरडे हद्दीच्या बाहेर गेले म्हणे. जरा बघा तर, कशाला खोटं म्हटलंय.”

मी यादी पाहिली. ‘ही शुड वेंट टू डॉक्टर.’ नियमाने रेघ ओढलेली. सर: ठीक. काकू: ठीक. ‘वी विल ऑल्सो प्लेइंग.’ ठीक. ठीक. ‘माय मदर कॅन कुक्स.’ ठीक. ठीक. पानामागून पान. दोघांचं जुळत होतं म्हणून त्यातलं एकही माझ्यापर्यंत आलं नव्हतं. नियम बिचारा प्रत्येक ठिकाणी खरं बोलला होता आणि प्रत्येक ठिकाणी खोटा ठरला होता.

“दोघं एकसाथ कसे काय चुकतील, मॅम?” ती म्हणाली.

तेच तर. दोघं चुकू शकतात, पण नेमकी तीच वाक्यं नाही. एखाद्या वाक्यावर दोघं अडखळले असते, दुसऱ्यावर एकच. इथे तर सावलीसारखं होतं. सरांनी ज्याला ‘चूक’ म्हटलं त्याला काकूंनीही ‘चूक’, सरांच्या हातून जे सुटलं तेच काकूंच्याही. मी बाहेर जाऊन उभी राहिले. दोघांची टेबलं शेजारी होती. सर वर्गात वाचावं तसं प्रत्येक वाक्य पुटपुटत वाचत आणि दाबायच्या आधी “ठीक” नाहीतर “चूक” असं स्वतःशी म्हणत. ती त्यांची जुनी सवय. काकू पडद्याकडे बघत बसत आणि सरांचा आवाज आल्यावर त्यांचं बोट हले.

मला राग आला. खरं सांगायचं तर फार राग आला. त्या पोरीचे सहा महिने, कंपनीला दिलेली तारीख, आणि सगळं कशासाठी, तर नवऱ्याची लाज राखायला. मी काकूंना जिन्यात बोलावलं. खालून ड्रिलचा आवाज येत होता.

“काकू, तुम्ही त्यांचं ऐकून दाबता.”

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “हो,” म्हणाल्या. “त्या शनिवारनंतर.”

“अहो, पण हे काम आहे! दोन माणसं कशासाठी ठेवतात?”

“मला माहीत आहे कशासाठी ठेवतात.”

“मग?”

“मॅडम, सगळे हसले ना तेव्हा, घरी जाऊन ते जेवले नाहीत. रात्रभर वहीवर तेच वाक्य लिहून राहिले. सकाळी मला विचारलं, यात काय गलत आहे ते सांग. मी सांगितलं. ते बोलले, हां हां. मग पुन्हा विचारलं. त्यांनी मला शिकवलंय हो हे. मला येत नव्हतं. लग्नानंतर मी पोळ्या लाटताना ते मागे उभं राहून इंग्रजी वाक्यं विचारायचे, आणि मी चुकली की ओरडायचे. आता मला येतं, आणि त्यांना...”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“नाही. त्यांना बोलू तरी काय? इथे येतात तोपर्यंत ते सर आहेत. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतात, पेन लावतात. घरी बसवलं तर बसूनच राहतील. मग मी त्यांना उठवू कशी?” मग त्या जवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “तो एक नियम बंद पडला तर काय होईल मॅडम? कोणाचं तरी इंग्रजी गलत राहील. राहू द्या ना. दुनियेत एवढं गलत आहे.”

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते त्या जिन्यात, ड्रिलच्या आवाजात म्हणण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हणाले की ही वाक्यं पुन्हा वाचून घ्यावी लागतील, दुसऱ्या माणसांकडून, आणि तुमची जोडी मोडावी लागेल. आणि सरांशी मला बोलावं लागेल.

“तुम्ही सांगा मग,” काकू म्हणाल्या. “माझ्याने होणार नाही.”

मी सरांना केबिनमध्ये बसवलं आणि एक पान त्यांच्या हातात दिलं. कागदावर छापलेलं, म्हणजे त्यांना त्यांचं पेन वापरता येईल. वाक्यं मी स्वतः निवडली होती, ज्यांत दुमत होऊच शकत नाही अशी. निम्मी चूक, निम्मी बरोबर. सर मान खाली घालून वाचायला लागले. पुटपुटत, अडखळत. “ही... कॅन... स्विम.” बरोबरची खूण. “ही... कॅन... स्वॅम.” बरोबरची खूण. “दे मस्ट... गोइंग.” खूण. हात सुरेख चालत होता. जन्मभर वह्या तपासलेल्या माणसाचा हात, खुणेची शेपटी एका झटक्यात वर जाणारी.

पान संपवून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा सरळ ठेवण्याचा प्रयत्न केला. तो माझ्याने कधीच होत नाही.

“चुकलं?” सरांनी विचारलं.

“हो, सर.”

त्यांनी पान पुन्हा ओढून घेतलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, दुसरीवर, तिसरीवर. प्रत्येक ओळीवर थांबून माझ्या तोंडाकडे बघत. इतकी वर्षं मुलं त्यांच्या तोंडाकडे असंच बघून उत्तर शोधत आली असतील. माझ्या तोंडावर त्यांना काही सापडलं नाही, किंवा सगळ्याच ओळींवर सापडलं. त्यांनी बोट उचललं.

“कोणतं?”

माझ्याने सांगवेना. माझ्या आयुष्यात चूक सांगताना माझी जीभ तेव्हा एकदाच अडली.

“हिला... कळतं?” त्यांनी दाराकडे हात करून विचारलं.

“हो. काकूंना कळतं.”

“मग तिने... ठीक... माझ्यासाठी...” वाक्य त्यांना जुळेना. पण त्यांना काय म्हणायचं ते मला कळलं आणि मी मान हलवली.  सर उठले, खिशातलं पेन नीट केलं आणि म्हणाले, “ती. येईल. रोज. मी नाही.” तेवढं त्यांनी अगदी ठामपणे सांगितलं, आणि त्यात कोणाला काही कमी-जास्त करायला जागा नव्हती.

मेंदूच्या डॉक्टरकडे मीही गेले होते सोबत. ऑफिसपासून चार पावलांवर त्यांचा दवाखाना. या आजारात भाषा आधी झिजते, ते म्हणाले. आठवण, चेहरे, रस्ते हे सगळं बराच काळ शाबूत राहतं, म्हणून घरच्यांना उशिरा कळतं. आधी वाक्याची जोडणी ढिली होते, मग शब्द कमी होत जातात. औषध नाही. त्रास कधीपासून, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकू गोंधळल्या. त्यांचा मुलगा बंगलोरहून फोनवर होता, तोही गोंधळला. मी सांगितलं, जानेवारीपासून. आमच्या एका फालतू नियमाला ते घरच्यांच्या आधी कळलं होतं आणि आम्ही त्याला खोटं पाडत होतो.

वाक्यं पुन्हा वाचली गेली, नियम लोकांपर्यंत गेला आणि चांगला निघाला. इंजिनिअरला शाबासकी मिळाली. ती पेढे घेऊन स्नेहलतागंजात सरांच्या घरी जाऊन आली.  संध्याकाळी मला म्हणाली, “मॅम, मी तर तेव्हा माझ्या नियमासाठी चिडून राहिली होती ना,” आणि रडली. मी तिला पाणी दिलं. मला सांत्वन करता येत नाही.

काकू येत राहिल्या. दुसऱ्या जोडीदाराबरोबर, टेबल दूर लावून. त्यांची वाक्यं आता माझ्याकडे क्वचितच येतात आणि आली तर बहुधा काकूंचंच बरोबर असतं. शनिवारची पंचायत भरते, पण भिंतीवर कोणी काय दाबलं ते मी लावत नाही. भांडण पूर्वीसारखं रंगत नाही. काकू भांडत नाहीत, विचारलं तर कारण सांगतात आणि गप्प बसतात.

दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेले. सर पांढऱ्या शर्टात खुर्चीवर बसले होते. मला ओळखलं, हात जोडले, बसा अशी खूण केली. मी आईच्या हातच्या शेंगाचटणीचा डबा दिला, तो उघडून वास घेतला आणि खूश झाले. बोलणं फारसं राहिलंच नव्हतं. मी ऑफिसच्या गमती सांगत राहिले. ते मान हलवत होते, योग्य जागी हसत होते. मला वाटलं, डॉक्टर म्हणतात तेवढं वाईट नाही. मलाही स्वतःला फसवता येतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ. त्यांनी सरांकडे बघत, शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द सुटा करत म्हटलं, “अहो, मॅडम कॅन ईट्स डिनर हिअर?”

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. चूक नव्हती ती. ती मुद्दाम टाकलेली होती, सरांच्या समोर, त्यांच्या टप्प्यात. काकू दाराची चौकट धरून थांबल्या होत्या. सरांनी मान वर केली. त्यांच्या कपाळावर आठी आली. आता म्हणतील. आता ओरडतील. मीही नकळत पुढे सरकून बसले.

आठी गेली. सर काकूंकडे बघून हसले, अगदी मनापासून, आणि म्हणाले, “व्हेरी गुड.”

“हां,” काकू म्हणाल्या आणि आत वळल्या.

मी त्यांच्या मागे गेले. त्या पोळी लाटत होत्या, पाठ माझ्याकडे.  मी वेड्यासारखं विचारलं, की तुम्ही असं का करता.

“रोज विचारते,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी ओरडतील म्हणून. लग्नानंतर ओरडायचे तेव्हा इतका राग यायचा ना मला.” त्यांनी पोळी तव्यावर टाकली. “तुम्ही जेवूनच जा, मॅडम.”

मी जेवले. सरांनी काकूंना खूण करून मला आग्रहाने आणखी एक पोळी वाढायला लावली.